मिरज ते सांगली, रोजचं ऑफिस: स्वतःची गाडी, ॲपवरची रिक्षा आणि एसटी यांचा महिन्याचा खरा हिशेब

ऑफिसला जाण्या-येण्याचा खर्च विचारला की बहुतेक जण पेट्रोल पंपावर दिलेल्या नोटा मोजतात. "महिन्याला तीन-साडेतीन हजाराचं पेट्रोल लागतं" एवढ्यावर गाडीचा हिशेब संपतो. एसटीचा हिशेब तिकिटावर संपतो, आणि ॲपवरच्या रिक्षेचा परवाच्या स्वस्तात पडलेल्या एका फेरीवर. हे तिन्ही आकडे अर्धवट असल्यामुळे त्यांची तुलनाही चुकते. खाली एकच प्रवास धरून तिन्ही हिशेब पुरे केले आहेत. घर मिरजेत मिशन हॉस्पिटलच्या बाजूला, ऑफिस सांगलीत राजवाडा चौकाच्या आसपास, एका बाजूचं अंतर गल्लीबोळ धरून 10 किलोमीटर. महिन्याला ऑफिसचे दिवस 22. पेट्रोलचा आणि भाड्याचा दर हिशेबासाठी गोल केला आहे. तुमचा दर घाला, पद्धत तीच ठेवा.

आधी दिवस मोजा

पहिली गफलत इथेच होते. लोक सरसकट 30 किंवा 26 ने गुणतात. पाच दिवसांच्या आठवड्याचं ऑफिस असेल तर महिन्यात 20 ते 23 दिवस भरतात, आणि सणवार, रजा वजा केल्या की बरेचदा 19-20 उरतात. मागच्या तीन महिन्यांची हजेरी काढा आणि त्याची सरासरी घ्या. गणपती-दिवाळीचा महिना त्यात असेल तर तो सोडून त्याच्या मागचा घ्या. हा एक आकडा पुढे पासच्या बाबतीत फायदा-तोटा ठरवणार आहे, म्हणून तो अंदाजाने घेऊ नका.

गाडीचं ॲव्हरेज टाकी ते टाकी काढा

कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज बाजूला ठेवा. डॅशबोर्डच्या पडद्यावर दिसणारं ॲव्हरेजही बऱ्याच गाड्यांत थोडं फुगवलेलंच असतं. खरा आकडा असा मिळतो: पंपावर टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडली की तिथेच थांबा. "राउंड फिगर करतो" म्हणत पंपावरचा माणूस आणखी दोन-तीनदा दाबायला जातो, त्याला नको म्हणा. ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच पद्धतीने टाकी फुल करा. मधल्या काळात चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर, हे तुमचं ॲव्हरेज. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, लागोपाठ तीन टाक्यांची सरासरी घ्या. नोझल कधी लवकर तर कधी उशिरा बंद पडते, आणि एका टाकीत लिटर-दीड लिटरचा फरक सहज पडतो.

दुसरी काळजी म्हणजे ऑफिसचे किलोमीटर वेगळे काढणं. त्याच टाकीत रविवारी कोल्हापूरला जाऊन आलात की हायवेचं ॲव्हरेज मिसळतं आणि आकडा उगाच गोंडस दिसतो. बऱ्याच गाड्यांत ट्रिप ए आणि ट्रिप बी असे दोन मीटर असतात. त्यातला एक फक्त ऑफिससाठी ठेवला तर ऑफिसचे किलोमीटर कळतात, पण पेट्रोल वेगळं कळत नाही. म्हणून मोजणीच्या त्या तीन टाक्यांपुरती तरी लांबची फेरी टाळावी, नाहीतर ती टाकी हिशेबातून काढावी.

दहा किलोमीटरच्या फेरीत ॲव्हरेज का पडतं, हेही समजून घ्या. सकाळी गार इंजिन जास्त पेट्रोल ओढतं, आणि ते पुरतं तापेपर्यंत विश्रामबाग मागे पडलेलं असतं. संध्याकाळी पुन्हा तेच. त्यात चौकाचौकांत थांबणं, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणं आणि उन्हाळ्यात पूर्णवेळ एसी. हायवेला 18-19 देणारी छोटी पेट्रोल गाडी या रस्त्यावर 13 देत असेल तर गाडीत बिघाड आहे असं नाही. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येऊ लागल्यापासूनही आकडा थोडा खाली येतो, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी ही घट 6-7 टक्के धरली होती. तेव्हा चार वर्षांपूर्वी डायरीत लिहून ठेवलेलं ॲव्हरेज आज वापरू नका. आकडा अचानक दोन-तीनने पडला तर मात्र आधी टायरमधली हवा बघा, मग एअर फिल्टर, मग एखाद्या चाकाचा ब्रेक धरतोय का ते. गाडी चालवून थांबल्यावर एका चाकाची डिस्क बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेली जाणवली तर ब्रेक धरतोय असं समजा. हात लावू नका, नुसता जवळ नेला तरी धग कळते.

आता दिवसाचा खर्च. 20 किलोमीटर, ॲव्हरेज 13, पेट्रोल लिटरला 105 रुपये धरलं:

```
20 ÷ 13 × 105 ≈ 161.50 रुपये
```

महिन्याचं पेट्रोल 22 दिवसांना साधारण 3,550 रुपये. सगळे इथेच थांबतात.

पेट्रोलच्या पलीकडचा खर्च, पण तेवढाच जो चालवल्यामुळे होतो

इथे दोन टोकं दिसतात. एक जण पेट्रोलशिवाय काहीच धरत नाही, दुसरा विमा, हप्ता, घसारा सगळं ऑफिसच्या प्रवासावर लादतो. गाडी दारात आहेच आणि घरच्यांसाठी राहणारच असेल तर विमा तुम्ही एसटीने गेलात तरी भरावाच लागणार. तो या तुलनेत घेऊ नका. घ्यायची ती फक्त किलोमीटरबरोबर वाढणारी झीज.

ती अशी काढता येते. चार टायर 18,000 रुपयांना आणि चालतात 40,000 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला 45 पैसे. सर्व्हिसिंग 10,000 किलोमीटरला 6,000 रुपये, म्हणजे 60 पैसे. ब्रेक पॅड, क्लच, सस्पेन्शनची बारीकसारीक कामं आणि कुठेतरी घासल्यावर होणारी डेंटिंग-पेंटिंग मिळून 45 पैसे धरू. बेरीज किलोमीटरला दीड रुपया. हे आकडे छोट्या गाडीचे आहेत. तुमच्या गॅरेजची मागच्या दोन वर्षांची बिलं काढून त्यांना चाललेल्या किलोमीटरने भागलं की तुमचा आकडा मिळेल. दिवसाचे 30 रुपये, महिन्याचे 660.

मग पार्किंग. ऑफिसला आवार असेल तर शून्य. नसेल तर गणपती पेठ, मारुती रोडच्या बाजूला जागा शोधत फिरण्यातही पेट्रोल जातं, आणि पैसे देऊन लावली तर दिवसाला 20 रुपये तरी धरा. नो पार्किंगचा एखादा दंड पडला तर महिन्याच्या पार्किंगएवढी रक्कम एका दिवसात जाते, म्हणून फुकटच्या पण धोक्याच्या जागेला "फुकट" म्हणू नये.

सगळं मिळून गाडीचा दिवस 211 रुपये 50 पैसे. महिना 4,653. पेट्रोलच्या आकड्यापेक्षा हा अकराशे रुपयांनी जास्त आहे.

एसटीचा हिशेब: तिकीट, पास आणि दोन टोकं

एसटीचा टप्पा 6 किलोमीटरचा. 25 जानेवारी 2025 च्या भाडेवाढीत साध्या गाडीचा टप्पा 10 रुपये 5 पैशांवर गेला. दहा किलोमीटर म्हणजे दोन टप्पे, त्यामुळे वीस-एकवीस रुपये. शहरी गाडीचे टप्पे वेगळे असतात, म्हणून तुमच्या थांब्यापासूनचा खरा आकडा तिकिटावरूनच घ्या. हिशेबाला एका बाजूचे 20 धरू. दिवसाला 40, महिन्याला 880.

आता पास. एसटीचा मासिक पास 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस चालतो. आपल्या उदाहरणात 800 रुपये. म्हणजे 22 दिवस गेलात तर वाचले 80 रुपये, आणि चार दिवस रजा पडली तर 18 दिवसांची तिकिटं 720 लाच आली असती. पाच दिवसांचा आठवडा असलेल्यांना मासिक पास फारसा काही देत नाही, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सहा दिवस जाणाऱ्याला मात्र 25-26 दिवसांत 200 ते 240 रुपये सुटतात.

खरी बचत त्रैमासिक पासात आहे. त्यात 50 दिवसांचं भाडं भरून 90 दिवस प्रवास होतो. 2,000 रुपयांत तीन महिने, म्हणजे महिन्याला 667. पाच दिवसवाल्यांचेही तीन महिन्यांत साठच्या आसपास दिवस भरतात, त्यामुळे आठवडाभराची रजा घेतली तरी नुकसान होत नाही. पास काढताना तो कोणत्या दोन थांब्यांमधला आणि कोणत्या प्रकारच्या गाडीचा आहे ते नीट बघा. मिरज स्थानकाचा पास काढून रोज पुढच्या थांब्यावर चढणारे लोक महिनोन्महिने न केलेल्या प्रवासाचे पैसे भरतात.

महिलांसाठी गणित आणखी वेगळं आहे. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ते लागू असेल तर दिवसाला 20 रुपये, महिन्याला 440, आणि पूर्ण दराच्या पासपेक्षा रोजचं अर्धं तिकीट उघडउघड स्वस्त. फक्त या रस्त्यावर शहरी गाड्याही धावतात आणि लांबून येणाऱ्या गाड्याही. सवलत दोन्हींत सारखीच असेल असं गृहीत धरू नका. तुमच्या वेळेला जी गाडी येते तिच्या कंडक्टरला एकदा विचारून घ्या, मग हिशेब मांडा.

एसटीचं बजेट फसतं ते मात्र तिकिटात नाही, दोन टोकांना. घरापासून थांबा पंधरा मिनिटांच्या अंतरावर आणि स्टँडपासून ऑफिस आणखी लांब असेल तर माणूस चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी रिक्षेला हात करतो. आपल्या उदाहरणात घरापासून चालत थांबा आहे आणि सांगलीत उतरल्यावर शेअर रिक्षेला जाताना 10, येताना 10 लागतात असं धरू. दिवस 60 वर गेला, महिना 1,320. तीच रिक्षा एकट्यासाठी करून 30-30 दिले तर टोकाची रिक्षाच महिन्याला 1,320 होते, तिकिटापेक्षा जास्त. म्हणून बसचा विचार करताना पहिला प्रश्न भाड्याचा नसावा. उतरल्यावर पावसात, हातात डबा आणि छत्री घेऊन, किती चालावं लागेल हा असावा. एक थांबा आधी उतरून अंतर कमी होतं का, तेही एकदा चालून बघा. सांगलीत पुष्पराज चौकाच्या बाजूला ऑफिस असणाऱ्याला स्टँडपर्यंत जाऊन उलटं येण्याचं कारण नाही.

ॲपवरची रिक्षा: एका फेरीवरून दर ठरवू नका

ॲपवर दुपारी तीनला दिसलेला आकडा सकाळी सव्वानऊला मिळत नाही. मागणी वाढली की भाडं वाढतं. केंद्राच्या जुलै 2025 च्या मार्गदर्शक सूचनांनी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत जाण्याची मुभा दिली आहे. म्हणून मोजणी ऑफिसच्या वेळेलाच करा. दोन आठवडे रोज सकाळी निघायच्या वेळी ॲप उघडा, ठिकाण टाका, आकडा लिहून ठेवा आणि बुक न करता बंद करा. त्यात एक-दोन दिवस पावसाचे आले तर उत्तमच.

समजा दहा नोंदींत सहा वेळा 190, तीन वेळा 230 आणि एकदा 280 दिसले. सरासरी 211. "साधारण 190 पडतात" असं ज्याने धरलं, त्याचा महिना जवळपास 900 रुपयांनी चुकणार. दोन्ही बाजू मिळून 422, महिन्याला 9,284. मोटार बोलावली आणि एका बाजूचे 300 पडले तर 13,200.

पडद्यावरच्या आकड्यात न दिसणारी एक गोष्ट सांगली-मिरजेत जास्त जाणवते. मोठ्या शहरासारखी गाड्यांची रेलचेल इथे नाही. बुकिंग लागल्यावर ड्रायव्हरचा फोन येतो, "कुठं सोडायचंय?" आणि मग "तिकडनं रिकामं यावं लागतंय, वीस वरती द्या." नाही म्हटलं तर फेरी रद्द होते आणि तुमची दहा मिनिटं जातात. तेव्हा नोंद ठेवताना ॲपच्या हिस्टरीतला आकडा नव्हे, खिशातून प्रत्यक्ष गेलेला आकडा लिहा. बुकिंग रद्द केल्याचे पैसे लागले असतील तर तेही त्यातच. सकाळी दहा मिनिटांत गाडी मिळते का, हे दहापैकी किती वेळा झालं तेही बाजूला टिपून ठेवा. सातपेक्षा कमी असेल तर हजेरीचं मशीन असलेल्या ऑफिससाठी हा रोजचा मार्ग नाही, पैसे असले तरी.

रोज रिक्षाच हवी असेल तर ओळखीच्या रिक्षावाल्याशी महिन्याचं ठरवणं हा इथला जुना आणि जास्त भरवशाचा रस्ता आहे. मात्र ठरवताना सुट्टीच्या दिवसांचं काय, पावसाळ्यात काय, आणि त्याची गाडी बंद पडली तर बदली कोण पाठवणार, एवढं आधी बोलून घ्या.

आकडे शेजारी ठेवल्यावर

गाडी 4,653, एसटी शेअर रिक्षेसकट 1,320, ॲपची रिक्षा 9,284. यावरून एसटी जिंकली असं म्हणून उठणं सोपं आहे, पण रोज एकच साधन वापरणारा माणूस क्वचितच असतो. उपयोगी प्रश्न असा: एसटी मुख्य ठेवली तर महिन्यात किती दिवस ॲपची चैन परवडते? एसटीच्या दिवसापेक्षा ॲपचा दिवस 362 रुपयांनी महाग. गाडी आणि एसटी यांच्यातला फरक 3,333. भागाकार नवाच्या थोडा वर येतो. म्हणजे महिन्यात नऊ दिवस दोन्ही बाजूंनी रिक्षा केली तरी रोज गाडी नेण्यापेक्षा खर्च कमीच. चार दिवस रिक्षा आणि 18 दिवस एसटी असा महिना 2,768 रुपयांचा होतो. अशा महिन्यात पास काढू नका, 18 दिवसांची तिकिटं 720 लाच येतात.

सकाळी एसटी आणि संध्याकाळी रिक्षा हा प्रकार मात्र दिसतो तेवढा स्वस्त नाही. जाताना 30, येताना 211, म्हणजे 241. गाडीच्या पूर्ण दिवसापेक्षा जास्त. घरी गाडी असेल तर ज्या दिवशी उशीर होणार हे आधीच माहीत आहे, त्या दिवशी ती काढावी. आठ दिवस गाडी आणि 14 दिवस एसटी असा महिना 2,532 रुपयांत बसतो. गाडी अधूनमधून फिरल्याने बॅटरीही उतरत नाही.

एका गाडीत तिघे जात असतील तर चित्रच पालटतं. 4,653 चे तीन वाटे केले की माणशी 1,551, एसटीपेक्षा जेमतेम सव्वादोनशे जास्त, आणि टोकाची रिक्षाही वाचते. वाटणी करताना नुसतं पेट्रोल वाटू नका, झीज आणि पार्किंगही धरा, नाहीतर वर्षाने टायर बदलायची वेळ आली की गाडीवाल्याच्या मनात खुपतं. आणि खर्च वाटून घेणं इथपर्यंतच ठेवा. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेली तर परवान्याचा आणि अपघात झाल्यास विम्याचाही प्रश्न उभा राहतो.

गाडी अजून घ्यायची असेल तर

मघाशी बाजूला ठेवलेला विमा आणि घसारा इथे परत आणावा लागतो, कारण आता तो खर्च टळण्यासारखा आहे. सहा लाखांची गाडी आठ वर्षांनी दोन लाखांना गेली तर 96 महिन्यांत चार लाख गेले, महिन्याला 4,167. विमा वर्षाला 12,000 धरला तर महिन्याला 1,000. चालवण्याचे 4,653 मिळवले की बेरीज 9,820, कर्जाचं व्याज वेगळंच. म्हणजे केवळ ऑफिससाठी नवी गाडी घेणाऱ्याला ती रोजच्या ॲपच्या रिक्षेपेक्षाही महाग पडते. घरच्यांना दवाखाना, लग्नकार्य, गावाकडच्या फेऱ्या यासाठी गाडी हवी असेल तर जरूर घ्यावी, पण तो खर्च ऑफिसच्या नावावर टाकून स्वतःची समजूत काढू नये.

निर्णयाआधी दोन आठवडे

पहिल्या आठवड्यात नेहमीसारखेच जा आणि खर्च लिहा. दुसऱ्या आठवड्यात पाचही दिवस एसटीने जा, तिकीट काढून, पास न काढता. घरातून निघाल्याची आणि ऑफिसात टेकल्याची वेळ लिहा. गाडीने अर्धा तास लागत असेल आणि एसटीने पन्नास मिनिटं, तर रोजची चाळीस मिनिटं जास्त जातात. त्यांना पगाराच्या ताशी दराने गुणून पैसे काढण्यात अर्थ नाही, कारण ती चाळीस मिनिटं वाचली म्हणून पगार वाढत नाही. पण पोराला शाळेतून आणायचं असेल किंवा संध्याकाळी क्लास घ्यायचा असेल तर त्या मिनिटांना खरी किंमत आहे, आणि मग तेवढ्या दिवसांपुरती गाडी ठेवावी.

हा आठवडा जूनच्या शेवटी घेतला तर जास्त चांगलं. शाळा-कॉलेजं सुरू झाल्यावर सकाळच्या गाड्यांना जी गर्दी होते ती मे महिन्यात कळत नाही, आणि मे मध्ये आरामात बसून जाणारा माणूस जूनमध्ये विश्रामबागच्या थांब्यावर तिसरी गाडी सोडत उभा असतो. तुमच्या थांब्यावरून दोनदा गाडीत शिरताच आलं नाही तर एक थांबा मागे, गाडी सुटते तिथे जाऊन चढता येतं का बघा. ते जमलं तर त्या थांब्यापासूनचा त्रैमासिक पास काढा. जमलं नाही तर पासात पैसे अडकवू नका, तिकिटावरच चालू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला पाणी चढलं की गाड्या बंद होतात किंवा वळवल्या जातात, 2019 आणि 2021 साली सांगलीने ते पाहिलं आहे. त्यामुळे त्रैमासिक पास काढायचाच तर तो सप्टेंबरपासूनचा काढलेला बरा.